नवरा सध्या बुधवार पेठेत आहे

पती-पत्नींनी एकमेकांचे पासवर्ड जाणणे आणि एकमेकांचा ठावठिकाणा मोबाइलच्या नकाशावर पाहणे, या दोन प्रथांच्या इतिहासात २०१७ या वर्षाला मोठे स्थान आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये गूगल मॅप्सने आपले ठिकाण दुसऱ्याला सतत दाखवत राहण्याची सोय दिली. २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सअॅपने लाइव्ह लोकेशन आणले. म्हणजे हक्क मिळण्याच्या पाच महिने आधी तो सोडून देण्याचे एक बटण आले होते आणि मिळाल्यावर दोन महिन्यांत दुसरे आले. निकालपत्र ५४७ पानांचे असल्याने जोडप्यांनी ते वाचले नाही. बटणे दोन्ही दाबली.

त्यापूर्वीच्या काळात हा प्रश्न नव्हता, कारण खासगीपणाच नव्हता. चाळीत फोन शेजाऱ्यांच्या घरी असे, तो घ्यायला गेले की शेजाऱ्यांचे अख्खे कुटुंब टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत असे. पोस्टकार्ड पोस्टमन वाचत असे आणि वाटेत भेटल्यास मजकूर तोंडी सांगत असे. नवरा-बायकोला एकमेकांपासून काही लपवण्यापेक्षा इतरांपासून एकत्र लपवण्याची निकड जास्त होती. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा, स्वतःच्या कुलपाचा फोन आल्यावर प्रथमच असे झाले, की घरात एक खोली अशी आहे जिची किल्ली दुसऱ्याकडे नाही.

पासवर्डांचे स्वरूप

मराठी घरातला पासवर्ड साधारणपणे मुलाचे किंवा नवऱ्याचे नाव, त्याचे जन्मवर्ष आणि शेवटी एक चिन्ह असा घडतो. चिन्ह सक्तीचे असते म्हणूनच ते येते. एके काळी ज्या बायका उखाण्याशिवाय नवऱ्याचे नाव घेत नसत, त्यांच्या मुली आता ते दिवसातून अनेकदा टंकतात आणि पहिले अक्षर कॅपिटल नसेल तर यंत्र त्यांना ते पुन्हा घ्यायला लावते. पुरुषांच्या बाजूने सहा आकडी पिन बहुधा लग्नाच्या तारखेचा असतो. लग्नाचा वाढदिवस विसरणाऱ्या नवऱ्यांचे प्रमाण त्यामुळे कमी झाले असेल, तर त्याचे श्रेय बँकांना द्यायला हवे.

अशा पासवर्डात गुपित असे काही उरत नाही. ज्या व्यक्तीने बारशाला पेढे वाटले तिला तो ओळखायला दोन प्रयत्न पुरतात. तरीही तो लिहून ठेवला जातो, आणि लिहिण्याची जागा म्हणजे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचे मागचे पान. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि महावितरणच्या खात्याचा पासवर्ड एकाच पेनाने तिथे नांदतात. डिसेंबर संपला की कालनिर्णय रद्दीत जातो आणि जानेवारीचे वीजबिल भरताना ‘फरगॉट पासवर्ड’ दाबावे लागते. भारतातल्या अनेक घरांत पासवर्ड बदलण्याचे खरे धोरण हेच आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते वाईट नाही.

वीजबिल, वाय-फाय, गॅस नोंदणी, मुलाच्या शाळेचे अॅप या गोष्टी दोघांच्या आहेत आणि त्यांचे पासवर्डही दोघांचे असावेत, याबद्दल फारसा वाद होत नाही. वाद झालाच तर पासवर्ड कोणाला माहीत आहे यावर होत नाही. बिल कोणी भरायचे यावर होतो. करमणुकीच्या खात्यांतही दुमत नसते. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणे अशा अर्थाचे ट्वीट केले होते आणि जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेर पासवर्ड वाटण्यावर बंदी आणली. प्रेमाची व्याख्या इतक्या अधिकृतपणे मागे घेतली जाण्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

खरी अडचण सुरू होते ती फोनच्या कुलपापाशी. ‘तुझ्या फोनचा पासवर्ड मला माहीत असायला काय हरकत आहे? माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही,’ हे वाक्य दोघांपैकी कोणीही उच्चारू शकते. ऐकणाऱ्याला ते बिनतोड वाटते. त्यात एक गोष्ट धरलेली नसते. फोनमध्ये फोनवाल्याची गुपिते थोडी असतात आणि दुसऱ्यांची फार असतात. पत्नीच्या फोनमध्ये तिच्या बहिणीने रात्री साडेअकराला लिहिलेला मजकूर असतो, तो मेव्हण्याविषयी असतो, आणि बहिणीने तो बहिणीला लिहिलेला असतो. पतीच्या फोनमध्ये मित्राच्या कर्जाची, कचेरीतल्या सहकाऱ्याच्या तपासणीच्या अहवालाची आणि भावाने आईपासून लपवलेल्या नोकरी सुटण्याची हकीकत असते. पासवर्ड देताना माणूस स्वतःचा खासगीपणा देतो आहे असे समजतो. प्रत्यक्षात तो बहिणीचा देतो, आणि तिला विचारलेले नसते.

याचा पुरावा पुढच्या दिवाळीत मिळतो. मेव्हणे घरी येतात, फराळाचे ताट पुढे येते, आणि ज्याने काही वाचलेले नाही असा माणूस मेव्हण्यांशी जसा बोलतो त्यापेक्षा पती थोडा जास्त गोड बोलतो. बहिणीच्या ते लगेच ध्यानात येते. त्यानंतर ती काही लिहीत नाही, फोन करते, आणि फोन करण्याआधी विचारते, ‘एकटी आहेस ना?’

म्हणून फोनचे कुलूप उघडता येणे आणि फोन वाचणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे भाग आहे. पोळ्या लाटताना पीठभरल्या हातांनी ‘अरे, माझा फोन उघडून आईला सांग मी नंतर बोलते’ म्हणणे ही कुलूप उघडण्याची परवानगी झाली. ती त्या कामापुरती असते आणि काम झाल्यावर संपते. तेवढ्यात वर आलेला बहिणीचा निरोप वाचणे तिच्यात येत नाही, जरी तो पडद्यावर आपोआप आला असला तरी. डोळे मिटून घेणे शक्य नसते हे खरे, पण बोट वर सरकवणे टाळता येते.

बोटाचा विषय निघाला आहे तेव्हा ठशांविषयी थोडे. बोटाच्या ठशाने उघडणारा फोन झोपलेल्या माणसाच्या बोटानेही उघडतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोह्याहून बालीला निघालेले एक विमान चेन्नईत उतरवावे लागले. वृत्तपत्रांतल्या बातम्यांनुसार एका प्रवासी महिलेने झोपलेल्या पतीचा अंगठा त्याच्या फोनला लावला, आत जे पाहिले ते तिला आवडले नाही आणि तिला आवरणे विमान कर्मचाऱ्यांना जमले नाही. कुटुंबाला चेन्नईत उतरवून विमान पुढे गेले. हे वर्षही २०१७ होते, ही गोष्ट नोंद करून ठेवण्याजोगी आहे.

झोपेची वाट न पाहणाऱ्यांसाठी व्हॉट्सअॅपची ‘लिंक्ड डिव्हायसेस’ ही सोय आहे. फोन दोन मिनिटे हातात आला की त्यातले खाते लॅपटॉपला जोडता येते आणि नंतर लॅपटॉपवर संदेश निवांत वाचता येतात. ओळखायचे कसे, तर सेटिंगमध्ये याच नावाखाली जोडलेल्या यंत्रांची यादी असते आणि प्रत्येकापुढे शेवटचा वापर केव्हा झाला ते लिहिलेले असते. यादीत घरातलाच लॅपटॉप दिसला आणि आपण त्याला हात लावलेला नसेल, तर चोर बाहेरचा नाही एवढे निश्चित होते. नाव दाबून तो तिथल्या तिथे बाहेर काढता येतो. त्यानंतरच्या संभाषणाला अॅपमध्ये कोणतीही सोय नाही.

बँकेच्या दृष्टीने पत्नी

पैशांच्या बाबतीत पती-पत्नी एक आहेत ही समजूत आहेर देणाऱ्यांपुरती खरी आहे. बँक तसे मानत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये बंगळुरूत प्रसूतीच्या रजेवर असलेल्या एका महिलेने आपले एटीएम कार्ड आणि पिन पतीला देऊन २५,००० रुपये काढायला पाठवले. यंत्रातून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. महिलेने चिकाटीने माहितीच्या अधिकारात यंत्राचा हिशेब मिळवला आणि यंत्रात २५,००० रुपये जास्तीचे निघाल्याचे दाखवले. बँकेचे म्हणणे असे, की कार्ड दुसऱ्याला देता येत नाही, पिन सांगता येत नाही, आणि पती हा दुसरा आहे. २०१८ मध्ये ग्राहक मंचाने बँकेचे म्हणणे उचलून धरले. महिलेने स्वतःच्या नावाचा धनादेश किंवा अधिकारपत्र देऊन पतीला पाठवायला हवे होते, असे मंचाने म्हटले. बाळंतिणीने नवऱ्याला अधिकारपत्र लिहून द्यावे, अशी कल्पना मराठी नाटककारांनाही सुचली नव्हती.

या निकालावरून व्यवहारात निघते ते एवढेच, की ज्या खात्यात दोघांनी हात घालायचा आहे ते दोघांच्या नावावर, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे असावे. दोघांची वेगळी कार्डे आणि वेगळे पिन असले की पिन सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्यांना संयुक्त खाते नको आहे त्यांच्यासाठी २०२४ पासून यूपीआय सर्कल आहे. मुख्य खातेदार दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा देतो आणि पिन स्वतःकडेच ठेवतो. पूर्ण मुभेच्या प्रकारात महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांची मर्यादा आहे. आजोबा दर एक तारखेला आजीच्या हातात जी खर्ची ठेवत, तिची ही सरकारमान्य आवृत्ती. अर्धवट मुभेच्या प्रकारात प्रत्येक खर्चाला मुख्य खातेदाराची मंजुरी लागते. भाजीवाल्यापुढे वीस रुपयांची कोथिंबीर हातात धरून एक माणूस उभा आहे आणि दुसरा सभेत आहे, असा प्रसंग मनाशी आणून मगच हा प्रकार निवडावा.

ठावठिकाणा

पासवर्ड हा मागावा लागतो. ठिकाण एकदा सुरू केले की न मागता मिळत राहते, आणि हाच दोहोंतला मोठा फरक. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशनची मुदत १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास अशी निवडता येते. ती संपली की ते आपोआप बंद होते. कचेरीचे नऊ तास आणि जाण्या-येण्याचे तीन धरले तर ८ तासांत नोकरदार माणूस मावत नाही, आणि नेमका परतीचा रस्ता झाकलेला राहतो. गूगल मॅप्सवर मुदतीशिवाय ‘तुम्ही बंद करेपर्यंत’ हाही पर्याय आहे. बहुतेक जोडपी तो घेतात, कारण तो निवडताना लग्न नुकतेच झालेले असते.

या सोयीचा उपयोग खरा आहे हे आधी मान्य केले पाहिजे. रात्री अकराला रिक्षाने एकटी येणारी पत्नी नकाशावर सरकताना दिसली की पतीचा जीव भांड्यात पडतो. घाटात गाडी बंद पडली तर ‘कुठेतरी खंडाळ्याच्या पुढे’ असे सांगावे लागत नाही. घरी असलेल्याला चहाचे आधण नेमके कधी ठेवायचे ते कळते. ‘कुठे आहेस?’ हा प्रश्न विचारावा लागत नाही, हीही सोयच म्हणायची. मात्र तो प्रश्न पुष्कळदा ठिकाण जाणण्यासाठी विचारलेला नसतो, आठवण आली होती म्हणून विचारलेला असतो, आणि ते काम नकाशा करत नाही.

नकाशा आणखी काय काय करत नाही हे एका उदाहरणावरून पाहू. पुण्यात कोथरूडला राहणारे एक काल्पनिक जोडपे घेतले आहे. मुलगा नववीत आहे. त्याला गाइड हवे म्हणून पती अप्पा बळवंत चौकात निघाला. दुकाने दुपारची विश्रांती संपवून चारला उघडतात, म्हणून तो चारनंतर निघाला. वनाजला मेट्रोत बसला, जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरला, गाडी बदलण्यासाठी सरकत्या जिन्यांनी तीस मीटरांहून जास्त खोल गेला आणि भुयारी गाडीने मंडईला निघाला. पत्नीने घरी नकाशा उघडला. पतीचा गोल फोटो जिल्हा न्यायालयावर होता. दहा मिनिटांनी पाहिले, तरी न्यायालयावरच. माणूस न सांगता कोर्टात गेला आहे आणि बाहेर यायचे नाव घेत नाही, तेव्हा बायकोच्या मनात जे येते ते तिच्याही मनात आले.

झाले होते ते असे. फोन आपले ठिकाण प्रथम उपग्रहांकडून घेतो आणि उपग्रहांना मोकळे आभाळ लागते. भुयारात ते नाही. फोन मग आजूबाजूच्या वाय-फायवरून आणि मोबाइलच्या मनोऱ्यांवरून अंदाज करतो, आणि नेटवर्कही नसेल तर काहीच करत नाही. नकाशा अशा वेळी शेवटचे माहीत असलेले ठिकाण तसेच दाखवत राहतो. फोटो हलत नाही, म्हणून माणूस बसला आहे असे वाटते. नावाखाली बारीक अक्षरांत ‘१४ मिनिटांपूर्वी’ असे लिहिलेले असते, पण संशयाच्या वेळी बारीक अक्षरे वाचण्याची पद्धत नाही.

मंडईला तो वर आला आणि शिवाजी रस्त्याने चालू लागला. फोटो एकदम उडी मारून पुढे गेला. पत्नीने पुन्हा पाहिले, आता खाली नाव होते: बुधवार पेठ.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा आवश्यक आहे. बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर आहे. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने तिथलीच. विजेच्या सामानाची तपकीर गल्लीही तिथेच. आणि आणखी एक वस्ती तिथे आहे, जिच्यामुळे या पेठेचे नाव घेताना पुणेकर आधी ‘दगडूशेठला गेलो होतो’ असे पूर्ण वाक्य बोलतो. या सगळ्या गोष्टी एकमेकांपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. मोकळ्या मैदानात फोन सुमारे पाच मीटरांपर्यंत बरोबर असतो. पेठांतल्या बोळांत उपग्रहाचे संकेत दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून येतात, वाट लांबते, आणि चूक काही दहा मीटरांवर जाते. फोटोभोवती फिकट वर्तुळ दिसले तर त्याचा अर्थ माणूस या वर्तुळात कुठेही असू शकतो असा असतो. मध्यभागी आहे असा नव्हे. इतर पेठांत पन्नास मीटरांनी फार बिघडत नाही. बुधवारात पन्नास मीटरांनी देवळाच्या दारातला माणूस भलत्याच दारात दिसतो.

त्याने दुकानातल्या वाय-फायपाशी पाच मिनिटे घालवली, तेव्हा फोटो क्षणभर कोथरूडलाही जाऊन आला. हेही अगम्य नाही. वाय-फायचा राउटर कुठे आहे याची कंपनीकडे नोंद असते. दुकानदाराने कोथरूडच्या घरचा जुना राउटर दुकानात आणून बसवला, तर नवी नोंद होईपर्यंत शेजारचे फोन त्याच्या घराचा पत्ता सांगू शकतात. पत्नीच्या दृष्टीने आता नवरा अर्ध्या तासात कोर्ट, बुधवार पेठ आणि कोथरूडची एक परकी इमारत इतके फिरून पुन्हा बुधवारात आला होता. तिने फोन केला. दुकानात सत्र सुरू झाल्याची गर्दी, आवाज ऐकू आला नाही. बॅटरी ११ टक्के होती. गूगलचा नकाशा ठिकाणासोबत दुसऱ्याची बॅटरीही दाखवतो, ही त्यातली सर्वांत दुर्लक्षित पण कामाची माहिती. बॅटरी इतकी खाली गेली की फोन ठिकाण कळवणे लांबवतो आणि मग बंद पडतो. फोन बंद झाला. घरी आल्यावर त्याला पाणी विचारण्याआधी गाइडाची पावती विचारली गेली.

पत्नीचा तर्क चुकला असे म्हणता येत नाही. तिच्याकडे तीन ठिकाणे होती आणि एकाचेही कारण नव्हते. नकाशा फोन कुठे आहे ते सांगतो, तेही अंदाजाने. माणूस तिथे का आहे हे त्याला माहीत नसते, आणि माहीत नसल्याची कबुली तो फिकट निळ्या रंगात देतो. म्हणून अशा वेळी वाचायचा क्रम ठरलेला असावा: आधी किती मिनिटांपूर्वीचे ते, मग बॅटरी, मग वर्तुळ केवढे ते, आणि पेठेचे नाव सर्वांत शेवटी. एवढ्यानेही शंका राहिली तर संध्याकाळी माणसाला विचारावे. माणसाच्या उत्तरातही चूक असू शकते, पण ती भिंतींवर आपटून आलेली नसते.

ठिकाण दाखवण्यात आणखी एक गळती असते. पती ठिकाण दाखवतो पत्नीला. ती स्वयंपाकघरातून ते सासूबाईंना वाचून दाखवते, सासूबाई ते नणंदेला फोनवर सांगतात, आणि नणंद भावाला फोन करून विचारते, ‘दादा, तू कोर्टात काय करतोयस?’ परवानगी एकीला होती. म्हणून ठिकाण कोणाला दाखवायचे याबरोबर ते पुढे कोणाला सांगायचे नाही हेही बोलून घ्यावे लागते. सासूबाईंना सांगायचेच असेल तर ‘येतोय, अर्धा तास’ एवढे पुरते.

कायदा काय म्हणतो

सरकारपुढे नागरिक जितका सुरक्षित आहे तितका तो जेवणाच्या टेबलावर नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका आरोपीची जामिनाची अट आली. सुटकेनंतर त्याने गूगल मॅप्सवर पिन टाकून आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील असे करावे, अशी ती अट होती. न्यायालयाने गूगलकडूनच माहिती मागवली. पिन टाकल्याने माणसावर सतत नजर ठेवता येत नाही, हे त्यातून पुढे आले. न्यायालयाने अट रद्द केली आणि आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना पाळत ठेवू देणारी अट त्याच्या खासगीपणाच्या हक्काच्या आड येते, असे म्हटले. म्हणजे अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीला जे दाखवायला लावता येत नाही, ते अप्पा बळवंत चौकात गाइड आणायला गेलेला माणूस बिनतक्रार दाखवत असतो.

पासवर्डाच्या बाबतीत छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले, की पती पत्नीला मोबाइल किंवा बँक खात्याचे पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही, आणि तसे करणे घरगुती हिंसेतही मोडू शकते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे ही आगळीक मानली आहे. ते अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कलमात ‘लग्नाचे असल्यास सोडून’ असे शब्द नाहीत. मात्र २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळला आहे. तो कायदा कंपन्यांसाठी आहे, सासूबाईंसाठी नाही.

याच्या उलट बाजूचा निकालही २०२५ च्याच जुलैमध्ये आला. भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयातल्या घटस्फोटाच्या दाव्यात पतीने पत्नीचे फोनवरचे बोलणे तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केले होते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ते पुरावा म्हणून नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलैला ते मान्य केले. जोडप्यातच दावा असेल तर पुरावा कायद्यातले पती-पत्नीच्या संभाषणाचे संरक्षण लागू होत नाही, असे कारण दिले. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला आले असतील, तर पाळतीने ते लग्न मोडते असे म्हणता येत नाही, ते आधीच मोडले असल्याचे ते लक्षण आहे, असेही न्यायालयाने नमूद केले. दोन्ही निकाल मिळून चित्र असे होते: पासवर्ड मागून मिळवण्याचा हक्क नाही, चोरून मिळवलेले कोर्टात चालू शकते. चांगल्या घरात या दोहोंपैकी कशाचीही वेळ येत नाही, आणि वाईट घरात दोन्हीची एकदम येते.

ठराव कसा करावा

वरच्या सगळ्यातून प्रत्येकाच्या वाट्याला किती खासगीपणा यावा याचे उत्तर साधारण असे निघते. दोघांच्या कामाच्या गोष्टी दोघांच्या, त्यात चर्चा नाही. फोनमधले इतरांचे बोलणे कोणाचेच नाही. ते दाखवायचे की नाही हे ज्याला सांगितले त्याने ठरवायचे, आणि ‘नाही’ म्हटल्यास कारण द्यावे लागू नये. ठिकाण प्रसंगापुरते: रात्रीचा प्रवास, घाट, परगाव. कायमचे सुरू ठेवायचे असेल तर दोघांचेही सुरू असावे. एकाचेच सुरू असलेले ठिकाण काही महिन्यांतच हजेरीपटासारखे दिसू लागते.

आणीबाणीची गोष्ट वेगळी. आयसीयूच्या बाहेर उभ्या असलेल्या पत्नीला विम्याचा क्रमांक, मेलचा पासवर्ड आणि बँकेच्या खात्यांची यादी लागते, आणि त्या वेळी कोणाचा खासगीपणा आठवत नाही. त्यासाठी ही माहिती एका पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, चिकटवल्या जागेवर दोघांनी सही करून ते कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय सगळ्या अॅपपेक्षा सरस आहे. सही फाटल्याशिवाय ते उघडत नाही, त्यामुळे उघडता येते पण लपवता येत नाही. पासवर्ड बदलला की पाकीट बदलावे लागते, हा त्यातला दोष. माणूस गेल्यानंतरच्या वेळेसाठी गूगलच्या खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. तीन ते अठरा महिने खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या व्यक्तीला त्यातला नेमलेला भाग मिळतो. जिवंत माणसाने मेल उघडण्याचा कंटाळा केला तरी ते सुरू होऊ शकते, म्हणून त्याआधी गूगल इशारा पाठवतो. तोही मेलवर, पण मोबाइलवरही.

ठराव झाल्यावर तो चालतो आहे की नाही हे एका कसोटीने कळते. ठिकाण बंद केले तर काय होते? ‘आज बंद का होतं?’ असा प्रश्न आला आणि ‘बॅटरी गेली’ या उत्तराने संपला, तर ठीक. बॅटरी गेल्याचाही पुरावा लागत असेल, चार्जर आणि पॉवर बँक हातात देऊन घराबाहेर पाठवले जात असेल, पासवर्ड बदलल्यावर आवाज चढत असेल, तर तो विनोदी लेखाचा विषय राहत नाही. अशी पाळत भीती घालण्यासाठी असते आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मानसिक छळही मोडतो. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. तो शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून लावावा, आणि ठिकाण दाखवणे एकाएकी बंद करण्याआधी तिथे सल्ला घ्यावा. बंद केल्याचे दुसऱ्याला दिसते आणि त्यावर काय होईल याची तयारी आधी असावी लागते.

विभक्त होणाऱ्यांनी पासवर्ड बदलण्याचाही एक क्रम आहे. प्रथम मेल, कारण बाकी सगळ्यांच्या दुरुस्तीचे दुवे तिथे येतात. मेल जुन्या जोडीदाराकडे उघडा असेल तर इतर पासवर्ड बदलण्यात अर्थ नसतो. मग मेलच्या खात्याशी जोडलेला पर्यायी फोन क्रमांक, मग लिंक्ड डिव्हायसेस, मग बँक, मग ठिकाण. करमणुकीची खाती सर्वांत शेवटी, कारण त्यांवर मुलांचे कार्टून अर्धवट पाहून झालेले असते. महावितरणच्या नोंदीतला मोबाइल क्रमांक मात्र हमखास राहून जातो. तो अर्ज करून बदलेपर्यंत घटस्फोट मंजूर झालेल्या माणसाला दर महिन्याला संदेश येतो, की आपले बिल तयार आहे.